मेलमध्ये सगळंच ठळक केलं, आणि गाडी कळमन्याला गेली

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना आहे, तिथे ऑर्डरी आणि डिस्पॅच मी बघतो. गिऱ्हाइकांना मेल पाठवायचं कामही माझ्याकडेच. त्यात एक अडचण वर्षभर पुन्हा पुन्हा येत होती. गिऱ्हाईक मेल उघडायचं, "ओके, धन्यवाद" असं उत्तरही धाडायचं, पण आम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर त्यात नसायचं. रंग विचारला तर "ओके". गाडी कधी हवी विचारलं तरी "ओके".

दरवेळी आम्ही एकच औषध केलं. ज्या ओळीकडे दुर्लक्ष झालं, ती पुढच्या मेलमध्ये ठळक करायची. तरी दुर्लक्ष झालं तर लाल करायची, मग पिवळ्या पट्ट्यात टाकायची. रोग तसाच राहिला आणि औषधाचा डोस वाढत गेला. नागपूरची गाडी चुकली तेव्हा आमचा तो मेल मी पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी वाचला. मेल जसाच्या तसा देतो, फक्त रंग आणि ठळक अक्षर काढून.

> विषय: ऑर्डर कन्फर्मेशन (अत्यंत महत्त्वाचे)
>
> नमस्कार भाऊ,
> आपली ऑर्डर मिळाली. खालील सर्व मुद्दे काळजीपूर्वक वाचावेत.
>
> मालाचा तपशील
> • ६ बाय ९ फूट, ४० बंडल, मेंदी-लाल
> • ४ बाय ६ फूट, ६० बंडल, निळा-पांढरा
> • रंगात किरकोळ फरक संभवतो
>
> पेमेंट
> • ५० टक्के आगाऊ, बाकी माल मिळाल्यापासून १५ दिवसांत
> • उशीर झाल्यास व्याज लागेल
>
> डिस्पॅच
> • गाडी शुक्रवारी सकाळी भरेल
> • ई-वे बिल गुरुवारी संध्याकाळी निघेल
> • गोदामाचा पत्ता बदलला असल्यास कळवावे
> • हमाली आपल्याकडे
>
> इतर
> • माल उतरवताना बंडल मोजून घ्यावेत
> • नंतरची तक्रार चालणार नाही

नागपूरच्या या गिऱ्हाइकाचं जुनं गोदाम कळमन्याला होतं. मधल्या काळात त्यांनी वाडीलाही एक गोदाम घेतलं होतं, हे आम्हाला फोनवर उडत उडत कळलं होतं. या खेपेचा माल वाडीला हवा होता. त्यांचं उत्तर आलं, "ओके, धन्यवाद." माल रस्त्याने न्यायला जे ई-वे बिल लागतं, त्यावर कळमना पडलं. अमरावतीकडून येणारी गाडी नागपुरात शिरण्याआधी वाडीवरूनच जाते. म्हणजे आमची गाडी ज्या गोदामाला माल हवा होता त्याच्या जवळून पुढे गेली, अख्खं शहर ओलांडून पार दुसऱ्या टोकाला पोचली आणि कुलूप लावलेल्या शटरसमोर उभी राहिली. गाडी खोळंबल्याचं हॉल्टिंग आमच्या अंगावर पडलं.

मी फोन केला. आवाज थोडा चढलेलाच होता.

"भाऊ, मेल वाचला नव्हता का?"

"वाचला ना. पण तुमच्या मेलात सगळंच ठळक असतं. म्हटलं, नेहमीचंच असेल."

त्यावर मला बोलायला काही उरलं नाही.

दोष कुठे होता

मी मोजलं. वीस ठिकाणी ठळक, चार मथळे, अकरा बुलेट. आम्हाला उत्तर हवं होतं ते फक्त आठव्या बुलेटचं. बाकीच्या दहांवर गिऱ्हाइकाला काहीच करायचं नव्हतं, निदान त्या दिवशी तरी नव्हतं.

हिरव्या चटयांच्या थप्पीत एक लाल चटई असली तर फाटकातून शिरणाऱ्याची नजर तिच्यावरच जाते. १९३३ मध्ये हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्मरणाच्या प्रयोगांतून हेच दाखवलं: सारख्या गोष्टींच्या यादीत एखादी वेगळी असली, की ती जास्त लक्षात राहते. पण त्यासाठी भोवतालचं सगळं सारखं असावं लागतं. आमच्या मेलमध्ये अर्धी थप्पीच लाल होती. अशा मेलमध्ये ठळक अक्षर वाचणाऱ्याला काही सांगत नाही, त्याला ते नुसतं ओळखीचं वाटतं. गेल्या महिन्याचा मेलही असाच जाड-बारीक, ठिपक्याठिपक्यांचा होता, म्हणून त्याने हाही वाचल्यासारखा पाहिला.

मग हे वीस ठळक आले कुठून, ते शोधायला मी जुने मेल काढले. एका बैठकीत कुणी ते केलेले नव्हते. दरवेळच्या भांडणागणिक एकेक साचत गेला होता. "किरकोळ फरक" ठळक झाला तो रंगावरून तक्रार करणाऱ्या एका गिऱ्हाइकामुळे. "व्याज" ठळक झालं ते पैसे लटकवणाऱ्या दुसऱ्यामुळे. "हमाली" तिसऱ्यामुळे. भांडण मिटलं, गिऱ्हाईकही सुटलं, पण ठळक अक्षर साच्यात राहून गेलं. नागपूरच्या भाऊंनी ना कधी रंगाची तक्रार केली, ना पैसे लटकवले. दुसऱ्यांसाठी लिहिलेला दम आम्ही त्यांना दर महिन्याला वाचायला लावत होतो. तुमच्या ऑफिसात जुना मेल उघडून, तारीख बदलून पाठवायची पद्धत असेल, तर हा गाळ तुमच्याकडेही असणार. एकेका ठळक शब्दावर बोट ठेवून विचारा, हा कुणासाठी केला होता? उत्तर आजच्या गिऱ्हाइकाचं नाव नसेल, तर तो शब्द साधा करा.

बुलेटनी केलेलं नुकसान मला आणखी उशिरा दिसलं. डिस्पॅचच्या मथळ्याखालच्या तीन ओळींचं एकमेकींशी नातं होतं. गुरुवारी संध्याकाळी ई-वे बिल निघतं, त्या बिलात पोचवण्याचा पत्ता असतो, म्हणून पत्ता त्याआधी कळवायचा. बिल एकदा निघालं की त्यातला पत्ता दुरुस्त होत नाही. गाडीचा नंबर नंतर बदलता येतो, पत्ता नाही. तो चुकला तर २४ तासांच्या आत बिल रद्द करून नवं काढायचं, एवढाच रस्ता उरतो. हे "म्हणून" आणि "त्याआधी" आम्ही काढून टाकलं आणि तीन सुट्या ठिपक्यांपुढे तीन सुटी वाक्यं ठेवली. बुलेटचा स्वभावच असा की खालचं सगळं एका वजनाचं दिसतं आणि कुणाचा कुणाशी संबंध राहत नाही. किराण्याच्या यादीला ते चालतं. कारण आणि अट सांगायची असेल तर वाक्यच लिहावं लागतं.

आणि मुख्य गफलत शब्दांतच होती. "बदलला असल्यास कळवावे." भाऊंचा पत्ता बदलला नव्हताच, एक वाढला होता. त्यांच्या दृष्टीने ती ओळ त्यांना लागूच होत नव्हती. ती आम्ही कितीही जाड केली असती, तरी तिने उत्तर मागितलंच नसतं. ठळक करायचा मोह होतो तेव्हा आधी वाक्य तपासायचं, हे मी तिथे शिकलो. बऱ्याचदा ढिल्या प्रश्नावरच आपण जाड अक्षर चढवत असतो.

दुरुस्ती

आधी सगळं उतरवायचं. जीमेलमध्ये मेल लिहिण्याच्या चौकटीत `Ctrl+A` दाबून सगळं निवडा आणि `Ctrl+\` दाबा. ठळक, रंग, अक्षराचा आकार, सगळं एका फटक्यात जातं. वर्डमधून किंवा एक्सेलमधून मजकूर आणत असाल तर `Ctrl+V` ऐवजी `Ctrl+Shift+V` वापरा, म्हणजे तिकडची सजावट सोबत येत नाही. आमच्या मेलमध्ये दोन ओळी इतरांपेक्षा मोठ्या दिसायच्या, त्याचं कारण हेच होतं. त्या कुणी मुद्दाम मोठ्या केल्या नव्हत्या, एक्सेलच्या रकान्यातून तशाच आल्या होत्या.

मग कागदावर एकच वाक्य लिहायचं: हा मेल वाचून समोरच्याने काय करायचं आहे आणि कधीपर्यंत? ते वाक्य मेलच्या सुरुवातीला जातं आणि त्याचं सार विषयाच्या ओळीत. विषयाच्या ओळीला ठळक-बिळक काही करता येत नाही. फोनवर मेलची सूचना येते त्यातही सुरुवातीचे चार शब्दच दिसतात, तेही साधे. आमची निम्मी गिऱ्हाइकं दुकानात, गल्ल्यावर बसून फोनवर मेल बघतात. त्यांना जे आधी दिसतं तिथे आमच्या ठळक अक्षराचा काही उपयोगच नव्हता, तिथे "ऑर्डर कन्फर्मेशन (अत्यंत महत्त्वाचे)" एवढंच दिसायचं. काय महत्त्वाचं, ते नाही.

यानंतर एक जागा निवडून तेवढीच ठळक करायची. इथे आमची आणखी एक चूक निघाली. आम्ही "पेमेंट", "डिस्पॅच", "महत्त्वाची सूचना" अशी नावं ठळक करत होतो. नाव ठळक केलं तर वाचणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी आहे, पण काय ते शोधायला त्याला पुन्हा वाचावं लागतं. चुकली तर नुकसान होईल अशी नेमकी माहिती ठळक करा: तारीख, वेळ, आकडा, ठिकाण. दोन ते पाच शब्द पुरतात. पूर्ण वाक्य ठळक केलं की ते पुन्हा साध्यासारखंच वाचलं जातं, वर दटावल्यासारखं वाटतं ते वेगळं.

मथळ्यांचा हिशोब सोपा आहे. मेल फोनच्या एका, फार तर दीड पडद्यात मावत असेल तर मथळा नको. जीमेलमध्ये खरा मथळा नसतोच, आपण एखादी ओळ मोठी आणि जाड करतो एवढंच. म्हणजे तोही ठळक अक्षराच्याच खात्यात मोजायचा. आमच्या मेलमधला "इतर" हा मथळा तर निव्वळ विनोद होता. ज्याच्या नावातच काही नाही, ते आम्ही जाड करून दाखवत होतो.

मालाची यादी मात्र यादीच ठेवली, पण बुलेटऐवजी आकडे घातले. त्याचं कारण फोन आहे. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, "दोन नंबरचा रंग बदला." ठिपक्याला नंबर नसतो, मग "ते निळं वालं नाही, त्याच्या वरचं" असं सुरू होतं.

पुढच्या ऑर्डरीला गेलेला मेल हा, त्यात ठळक होतं ते फक्त "गुरुवारी दुपारी ४ पर्यंत":

> विषय: माल वाडीला की कळमन्याला? गुरुवारी ४ पर्यंत कळवा
>
> नमस्कार भाऊ,
> तुमचा माल शुक्रवारी सकाळी गाडीत भरतोय. तो वाडीच्या गोदामात उतरवायचा की कळमन्याच्या, एवढं गुरुवारी दुपारी ४ पर्यंत कळवा. त्यानंतर ई-वे बिल निघतं आणि त्यातला पत्ता बदलता येत नाही. बिल रद्द करून नवं काढावं लागतं, तोवर गाडी अडकते.
>
> गाडीत जाणारा माल:
> १. ६ बाय ९ फूट, मेंदी-लाल, ४० बंडल
> २. ४ बाय ६ फूट, निळा-पांढरा, ६० बंडल
>
> दर, पेमेंट आणि हमाली नेहमीप्रमाणे, सोबतच्या प्रोफॉर्मा इनव्हॉइसवर लिहिलं आहे. माल उतरवताना बंडल मोजून चलनावर सही करा.

इथे "वाडीला की कळमन्याला" हे का ठळक केलं नाही, असं आमच्या ऑफिसातल्या पोराने विचारलं. प्रश्न बरोबर होता. तो पर्याय विषयात आहे, पहिल्या दोन वाक्यांत आहे, वाचणाऱ्याला तो चुकवताच येत नाही. वेळ मात्र चुकू शकते, कारण "आज-उद्या कळवतो" ही सगळ्यांचीच सवय. म्हणून जाड अक्षर वेळेला दिलं. दोन्हीला दिलं असतं तर दोघांचं निम्मं झालं असतं.

पाठवण्याआधी

मी दोन गोष्टी बघतो, दोन्हीला मिनिटभर लागतो. एक, फक्त ठळक शब्द ओळीने वाचायचे. जुन्या मेलचे वाचले तर "ऑर्डर मिळाली, सर्व मुद्दे काळजीपूर्वक वाचावेत, मालाचा तपशील, सहा बाय नऊ, मेंदी-लाल…" असं भंगाराच्या गाडीसारखं ऐकू येतं. नव्याचे वाचले तर "गुरुवारी दुपारी चारपर्यंत". एवढ्याने गिऱ्हाइकाला निदान तारीख तरी कळते.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यात जास्त उपयोगी. मेल कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून बघायचा. गिऱ्हाईक नेमकं हेच करतं: मेल त्याच्या फोनवर येतो, तो त्यातला मजकूर उचलून गोदामातल्या माणसाला व्हॉट्सॲप करतो. या प्रवासात ठळक अक्षर गळून पडतं, रंग तर जातोच. व्हॉट्सॲपला जाड अक्षर हवं तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना फुल्या लागतात, `*असं*`, आणि ते कुणी करत नाही. म्हणजे गोदामवाल्यापर्यंत पोचतो तो उघडा मजकूर. त्यातही काय करायचं ते कळत असेल, तर मेल बरा. जुना मेल या परीक्षेत सपशेल नापास झाला: सतरा-अठरा तुटक ओळी, कुठली कशासाठी ते कळेना.

मराठीत मेल लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. इंग्रजीत जोर द्यायला मोठी लिपी असते, तिरकी अक्षरं असतात. देवनागरीत मोठी लिपी नाहीच, आणि तिरकं केलेलं देवनागरी वाऱ्यात झुकलेल्या केळीसारखं दिसतं. म्हणून आपला सगळा भार ठळक अक्षरावर येतो आणि ते लवकर स्वस्त होतं. शिवाय लहान आकारात, साध्या फोनवर, जाड केलेली जोडाक्षरं भरून येतात. "द्ध" आणि "द्व" एकमेकांसारखे दिसायला लागतात. लांबलचक ठळक परिच्छेद मराठीत वाचायला जास्त त्रासाचा होतो तो यामुळेही. फार जोर द्यायचा असेल तर आपल्याकडे "च" आहे, वाक्यातला क्रम आहे. "गुरुवारीच कळवा" यात जाड अक्षर न लावताही जोर आहे, आणि तो व्हॉट्सॲपवर गळत नाही.

जिथे हे लागू पडत नाही

मुनीमकाकांना हे सगळं पटलं नव्हतं. "पेमेंटची ओळ साधी केली तर पैसे कोण देईल, भो?" त्यांची भीती खोटी नव्हती, पण ऑर्डरीच्या दिवशी पंधरा दिवसांनंतरच्या पैशाची आठवण जाड अक्षरात करून काही होत नाही, हेही त्यांनाच ठाऊक होतं. शेवटी असं ठरलं की मुदतीच्या तीन दिवस आधी पेमेंटचा वेगळा मेल जाईल. त्यात रक्कम आणि तारीख एवढंच असेल आणि तारीख ठळक. तो मेल काका स्वतः पाठवतात. त्यांचा आग्रह होता की त्यात रक्कमही ठळक हवी. दोन ओळींचा मेल आहे, दोन जाड शब्द चालतात, असं म्हणून मी मान्य केलं. खरं तर मला अजून एकच हवा होता.

एका मेलमध्ये खरोखरच दोन मागण्या असतील, आणि दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी पुऱ्या करायच्या असतील, तर एक ठळक पुरत नाही. तेव्हा मी दोन मेल करतो. ते जमत नसेल तर दोन परिच्छेद, प्रत्येकाच्या सुरुवातीला माणसाचं नाव आणि प्रत्येकात एक तारीख ठळक. आणि वर्षाचा दरकरार, वाहतुकीच्या अटी असलं तीन-चार पानी प्रकरण असेल तर मथळे हवेतच. वाचणारा ते सलग वाचणार नाही, शोधत येणार. पण ते मेलच्या पोटात घालू नका, सोबत पीडीएफ जोडा आणि मेलमध्ये कुठल्या पानावर सही हवी तेवढं सांगा.

आणखी एक. मेल साधा करूनही उत्तर न देणारी गिऱ्हाइकं राहतातच. आमच्याकडे अशी तीन आहेत. पूर्वी कळायचं नाही की ती मेल वाचत नाहीत की मेलमध्ये हरवतात. आता हरवण्यासारखं काही ठेवलेलं नाही, त्यामुळे गुरुवारी दुपारी तीन वाजता मी सरळ फोन उचलतो. त्यांच्यासाठी साच्यात नवीन ठळक ओळ घालायची नाही, एवढा नियम ऑफिसात लावून घेतलाय.

नागपूरहून त्या नव्या मेलचं उत्तर बुधवारीच आलं होतं. "वाडी. गेट मागच्या बाजूला आहे, ड्रायव्हरला सांगा."